रंगीत इमोजींच्या चित्राला ऑल्ट टेक्स्ट दिला, तरी ‘काही कळत नाही’ ही तक्रार पुन्हा येते तेव्हा

एका शिकवणी वर्गाची वेबसाइट मी सांभाळतो. तिच्या पहिल्या पानावर एक चित्र असतं, ते दर सोमवारी बदलतं. आडवे सहा वार, उभ्या दोन बॅचेस, आणि प्रत्येक चौकटीत एक गोल इमोजी. हिरवा म्हणजे जागा आहेत, पिवळा म्हणजे थोड्याच उरल्यात, लाल म्हणजे बॅच भरली. रंगांचा हा अर्थ चित्राच्याच तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. शिकवणाऱ्या बाई चित्र तयार करून पाठवतात, मी चढवतो.

या एका चित्रावरून तीन महिन्यांत पाच वेळा तक्रार आली. दर वेळी मी काहीतरी दुरुस्त केलं आणि ‘झालं’ असं कळवलं. दर वेळी तक्रारीचा मुद्दाही साधारण तोच असायचा, चित्रावरून जागांचं नीट कळत नाही, म्हणून मला वाटायचं की आधीची दुरुस्तीच टिकली नाही. खरं तर प्रत्येक वेळी बिघाड वेगळा होता. ते बिघाड ज्या क्रमाने सापडले, त्याच क्रमाने लिहितो.

त्यातल्या एका आठवड्याचं चित्र असं होतं:

```
सोम   मंगळ   बुध   गुरु   शुक्र   शनि
🟢    🟢    🔴    🟢    🟡    🔴    (सकाळ)
🟡    🔴    🔴    🟢    🟢    🟢    (संध्याकाळ)
```

हे कानाने वाचणाऱ्यांना वरच्या चौकटीत आत्ता बारा गोलांची नावं एकामागून एक ऐकू आली असतील. आपला विषय तोच आहे. शब्दांत सांगायचं तर सकाळी सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी जागा आहेत, शुक्रवारी थोड्याच उरल्यात, बुधवार आणि शनिवार भरलेत. संध्याकाळी गुरुवार, शुक्रवार, शनिवारी जागा आहेत, सोमवारी थोड्याच उरल्यात, मंगळवार आणि बुधवार भरलेत.

मुळात हे चित्र का, साधे इमोजी का नाहीत?

हा प्रश्न मीही बाईंना विचारला होता. त्यांचं उत्तर रास्त होतं. आधी त्या इमोजीच टाइप करायच्या, पण काही पालकांच्या जुन्या फोनवर लाल गोल दिसायचा आणि हिरव्या-पिवळ्याच्या जागी रिकामी चौकट यायची. कारण लाल गोल युनिकोडमध्ये २०१० साली, ६.० आवृत्तीत आला, तर हिरवा आणि पिवळा गोल थेट २०१९ साली, १२.० आवृत्तीत आले. त्याआधीच्या फोनला ती चिन्हं माहीतच नाहीत. म्हणून बाईंनी त्यांच्या फोनवर दिसतं त्याचाच स्क्रीनशॉट काढून पाठवायला सुरुवात केली. डोळ्यांनी बघणाऱ्यांचा प्रश्न सुटला, आणि कानाने वाचणाऱ्यांसाठी बारा चिन्हांची एक मुकी फाइल उरली.

आधी ऐकून बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी सध्या काय ऐकू येतंय ते तपासा. मी पहिल्या दोन वेळा हे केलंच नाही. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. तो चालू करून पान उघडा आणि `G` दाबा, की तो पुढच्या चित्रावर जातो आणि त्याचं नाव बोलतो. मॅकवर व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो, तो `Cmd+F5` ने सुरू होतो.

आवाज लावणं शक्य नसेल तर क्रोममध्ये चित्रावर राइट क्लिक करून Inspect उघडा आणि उजवीकडच्या Accessibility पट्टीत Name काय दिसतंय ते बघा. तिथे जे दिसेल तेच स्क्रीन रीडरच्या हाती पडतं. ते नाव कुठून आलं, हेही तिथे लिहिलेलं असतं. या गोष्टीचा पुढे उपयोग होणार आहे.

चित्राला ऑल्ट, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर, नाही म्हणून इशारा देणाऱ्या स्वयंचलित तपासण्यांवर इथे भिस्त ठेवू नका. बहुतेकदा ऑल्ट आहे की नाही एवढंच त्यांना कळतं. आमच्या पानाला ऑल्टमध्ये ‘इमोजी’ एवढा एक शब्द होता तेव्हाही हिरवी खूण मिळत होती.

बिघाड पहिला आणि दुसरा: नाव आहे, माहिती नाही

पहिल्या तक्रारीच्या वेळी ऑल्ट नव्हताच. अशा वेळी बरेच स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतात. तक्रार वर्गातल्या, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका मुलीची होती. तिला ‘स्क्रीनशॉट’ आणि मागे आकड्यांची मालगाडी ऐकू येत होती. मी घाईत ऑल्टमध्ये लिहिलं, ‘इमोजींचा तक्ता’. आठवड्याने पुन्हा तीच तक्रार. आता तिला तक्ता आहे हे कळत होतं, तक्त्यात काय आहे ते कळत नव्हतं. या दोन्ही बिघाडांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. आळस होता.

बिघाड तिसरा: रंगांची नावं लिहिली

खरी गंमत इथे आहे, कारण इथे मी मेहनत घेतली होती. ऑल्ट असा होता:

```html
<img src="jaga.png" alt="सकाळ: हिरवा, हिरवा, लाल,
हिरवा, पिवळा, लाल. संध्याकाळ: पिवळा, लाल, लाल,
हिरवा, हिरवा, हिरवा.">
```

माझ्या मते काहीही सुटलं नव्हतं. चित्रात जे जे दिसतं ते सगळं लिहिलं होतं. त्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “दादा, हिरवा म्हणजे येऊ का नको?”

रंगांचा अर्थ चित्राच्या तळाशी होता आणि तो मी ऑल्टमध्ये घेतलाच नव्हता. मग मी सुरुवातीला तो घातला: ‘हिरवा म्हणजे जागा आहेत, पिवळा म्हणजे थोड्याच, लाल म्हणजे भरली’. नियमाच्या दृष्टीने आता माहिती पूर्ण झाली. पण हे ऐकणाऱ्याची कसरत बघा. तिने आधी तीन रंगांचे तीन अर्थ लक्षात ठेवायचे. मग सहा रंगांची माळ ऐकताना बोटांवर वार मोजायचे, म्हणजे तिसरा रंग बुधवारचा हे कळेल. मग त्या रंगाचा अर्थ आठवायचा. डोळ्यांनी बघणारा यातलं काहीच करत नाही. तो संध्याकाळच्या ओळीत बुधवारखाली बघतो, लाल दिसतो, आणि पान बंद करतो.

डब्ल्यूसीएजी या सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांसोबत चुकांची एक यादी दिलेली आहे. तिच्यात एफ१३ या क्रमांकाची चूक जवळजवळ आमच्याच चित्रासाठी लिहिल्यासारखी आहे: चित्रातल्या रंगांच्या फरकातून जी माहिती दिली जाते ती पर्यायी मजकुरात नसणं. तिथे रंगाचा उल्लेख नसणं असं म्हटलेलं नाही, माहिती नसणं असं म्हटलेलं आहे. बाईंनी हिरवा रंग ‘जागा आहेत’ हे सांगायला वापरला होता. तेव्हा ऑल्टमध्ये ‘जागा आहेत’ हेच यायला हवं, आणि ते आलं की ‘हिरवा’ या शब्दाला तिथे काही काम उरत नाही.

इथे एक सोपी युक्ती सुचते आणि ती फसते. ऑल्टमध्ये सरळ इमोजीच चिकटवले तर? `alt="🟢🟢🔴🟢🟡🔴"` असं. स्क्रीन रीडर प्रत्येक इमोजीचं ठरलेलं नाव वाचतो. हे नाव चिन्ह कसं दिसतं ते सांगतं, तुमच्या तक्त्यात ते कशासाठी वापरलंय ते त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. म्हणजे पुन्हा हिरवं वर्तुळ, हिरवं वर्तुळ, लाल वर्तुळ. शिवाय ऐकणाऱ्याचा स्क्रीन रीडर जुना असेल तर २०१९ चे गोल तो गाळूनही टाकेल आणि मग वारांची मोजणीही चुकेल.

मग ऑल्ट कसा लिहिला

रंग काढून अर्थ घातला, तरी बारा तुकडे कुठल्या क्रमाने लावायचे हा प्रश्न उरतोच. पहिला खर्डा मी वारानुसार केला: सोमवारी सकाळी जागा आहेत, संध्याकाळी थोड्याच, मंगळवारी सकाळी जागा आहेत, संध्याकाळी भरली, आणि असंच शनिवारपर्यंत. तो त्या मुलीला वाचून दाखवला. ती संध्याकाळच्या बॅचची. तिला प्रत्येक वाराच्या अर्ध्या वाक्याला कान बंद करावे लागत होते.

मग बॅचनुसार लावलं. विद्यार्थ्याला आपली बॅच आधीच माहीत असते, तेव्हा तिथून सुरुवात झाली की निम्मा मजकूर तो सोडून देऊ शकतो. बॅचच्या आत वारांची रांग न लावता स्थितीप्रमाणे गट केले. जागा आहेत ते वार आधी, कारण ऐकणाऱ्याला तेच हवे असतात. थोड्याच उरलेले नंतर, भरलेले शेवटी.

```html
<img src="jaga.png" lang="mr" alt="शिल्लक जागा.
सकाळची बॅच: सोमवार, मंगळवार, गुरुवारी जागा आहेत;
शुक्रवारी थोड्याच; बुधवार, शनिवार भरले.
संध्याकाळची बॅच: गुरुवार ते शनिवार जागा आहेत;
सोमवारी थोड्याच; मंगळवार, बुधवार भरले.">
```

(इथे ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून तोडल्यात. प्रत्यक्षात मी सगळं एका ओळीत लिहितो.)

यात काही बारीक गोष्टी आहेत. ‘चित्र’ किंवा ‘प्रतिमा’ हा शब्द नाही, कारण चित्र असल्याचं स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. तुम्हीही लिहिलंत तर ‘ग्राफिक, चित्र’ असं दोनदा ऐकू येतं. वारांची नावं पूर्ण आहेत, ‘सोम’, ‘गुरु’ अशी तोडलेली नाहीत. पूर्णविराम आणि अर्धविराम मुद्दाम घातलेत, कारण बोलणारा आवाज त्यांच्यावर थांबतो आणि गट वेगळे कळतात. मजकुरात सरळ दुहेरी अवतरण चिन्ह कुठेही नाही. ते आलं की ब्राउझरला वाटतं ऑल्ट तिथेच संपला, आणि पुढचं सगळं हवेत जातं.

`lang="mr"` कशासाठी? आमच्या साइटचा साचा इंग्रजी होता आणि पानाच्या वरच `lang="en"` लिहिलेलं होतं. त्यामुळे मराठी ऑल्ट इंग्रजी आवाजाच्या तोंडी पडायचा. काही आवाज देवनागरी गाळूनच टाकतात, काही एकेक अक्षर वाचत बसतात. ऑल्ट चोख, Accessibility पट्टीत नाव चोख, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर शांतता. अख्खं पान मराठीत असेल तर `lang` पानाच्या सुरुवातीच्या `html` टॅगमध्येच दुरुस्त करा. एकच चित्र मराठीत असेल तर त्या `img` वर लावा. `img` वर लावलेली भाषा त्याच्या ऑल्टलाही लागू होते.

ऑल्टची १२५ अक्षरांची म्हणून जी मर्यादा सांगितली जाते, ती एचटीएमएलच्या नियमांत नाही. वरचा ऑल्ट तिच्यापेक्षा बराच मोठा आहे आणि चालतो. मात्र एक मर्यादा खरी आहे. ऑल्ट हा एकसलग मजकूर असतो. त्यात ओळी नाहीत, रकाने नाहीत, ‘मला फक्त बुधवार सांग’ म्हणून थेट तिथे उडी मारता येत नाही. बारा चौकटी मला अजून ऑल्टमध्ये बसवाव्याशा वाटतात. तीन बॅचेस झाल्या, म्हणजे अठरा चौकटी, तर नाही. मग ऑल्ट आखूड ठेवायचा, ‘शिल्लक जागांचा तक्ता, तपशील खाली’ एवढाच, आणि चित्राखाली खरोखरचा एचटीएमएल तक्ता द्यायचा. त्यात स्क्रीन रीडर चौकटी-चौकटीने फिरू शकतो.

खाली तक्ता दिलात तर तोच मजकूर पुन्हा ऑल्टमध्ये भरू नका. `figcaption` मध्ये तेच, ऑल्टमध्येही तेच, असं एकदा माझ्याकडून झालं होतं. सगळं दोनदा ऐकू येतं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना माणूस यात काही नवं आहे का हे शोधत बसतो.

बिघाड चौथा: ऑल्ट बदलला, तरी जुनाच ऐकू येतो

वरचा ऑल्ट घातला, ऐकून तपासला, समाधान झालं. पुढच्या सोमवारी बाईंनी नवं चित्र पाठवलं. मी मीडिया लायब्ररीत जाऊन चित्र बदललं, तिथल्याच रकान्यात ऑल्टही बदलला. मंगळवारी तक्रार आली: बुधवारी जागा आहेत असं बाई म्हणतात, साइट म्हणते भरली.

ही तक्रार सगळ्यांत वाईट, कारण आता साइट गप्प नव्हती, ठासून चुकीचं सांगत होती. आणि डोळ्यांनी बघणाऱ्या कुणालाही ते कळणं शक्य नव्हतं, त्यांना नवं चित्र नीट दिसत होतं.

साइट चालवायच्या बऱ्याच प्रणालींमध्ये लायब्ररीतला ऑल्ट हा नुसता मूळ खर्डा असतो. चित्र पानात घालताना त्याची नक्कल पानात जाते. नंतर लायब्ररीत काहीही बदला, पानातली नक्कल तशीच राहते. तेव्हा पान संपादनासाठी उघडायचं, चित्र निवडायचं आणि तिथला ऑल्ट बदलायचा. प्रणालीपरत्वे हे वेगळं असू शकतं, म्हणून लायब्ररीत बदलून झाल्यावर पानाचा सोर्स उघडून एकदा बघून घ्या.

पानातही बदलला आणि तरी जुनंच ऐकू येतंय? मग Accessibility पट्टीत नाव कुठून आलंय ते बघा. नाव ठरवताना ब्राउझर एका ठरलेल्या क्रमाने शोधतो: आधी `aria-labelledby`, मग `aria-label`, मग `alt`, आणि यातलं काहीच नसेल तर `title`. म्हणजे चित्रावर कुणी `aria-label` लावलेलं असेल तर तुमचा ऑल्ट कितीही चांगला असो, तो कधीच ऐकू येणार नाही. आमच्या साच्यात चित्रांच्या एका गटाला आपोआप `aria-label="gallery image"` लागत होतं. ते काढलं आणि खालचा ऑल्ट वर आला.

उलटा प्रकारही होतो. एका मित्राने ऑल्टच्या जागी `title` मध्ये मजकूर लिहिला होता. माउस नेला की पिवळट पट्टी दिसते, त्यामुळे त्याला वाटलं काम झालं. ऑल्ट नसेल तर काही वेळा `title` ऐकू येतोही, पण त्याच्यावर विसंबू नये. फोनवर माउसच नसतो, तिथे तो दिसतही नाही. आणि चित्र `img` नसून सीएसएसमधलं `background-image` असेल तर ऑल्ट लावायला जागाच नसते. तिथे चित्र `img` म्हणून घालणं सगळ्यांत सरळ. ते जमत नसेल तर त्या डब्याला `role="img"` आणि `aria-label` द्या.

बिघाड पाचवा: ऑल्ट बरोबर, आणि तक्रार डोळ्यांनी बघणाऱ्याची

एका पालकांनी विचारलं, शनिवारी सकाळी जागा आहेत ना? चित्रात तिथे लाल गोल होता. त्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. मी लगेच ऑल्ट तपासला. तो अगदी बरोबर होता, आणि त्यांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. ते स्क्रीन रीडर वापरत नाहीत, त्यांना चित्र दिसतं. ऑल्ट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

‘रंग न दिसता अर्थ कळावा’ असं आपण म्हणतो त्यात अशी दोन वेगळी माणसं असतात. एकाला चित्र दिसत नाही, त्याच्यासाठी ऑल्ट. दुसऱ्याला चित्र दिसतं पण रंगांतला फरक दिसत नाही, त्याच्यासाठी दुरुस्ती चित्रातच करावी लागते. डब्ल्यूसीएजीमध्येही हे दोन वेगळे निकष आहेत, १.१.१ आणि १.४.१, आणि दोन्ही सगळ्यांत खालच्या, म्हणजे किमान पाळायच्याच, ‘ए’ पातळीवरचे आहेत.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये `Ctrl+Shift+P` दाबून `Show Rendering` निवडा. खाली Emulate vision deficiencies मध्ये Achromatopsia लावलं की पान राखाडी होतं. आमच्या चित्रात पिवळे गोल फिके पडले म्हणून वेगळे ओळखू आले. लाल आणि हिरवे मात्र दोन्ही मध्यम राखाडी. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर एक जरा गडद आहे असं वाटायचं, पण एकटा गोल बघून तो कुठला हे सांगणं मला जमलं नाही. मग Deuteranopia लावून बघितलं, तर दोन्ही मातकट. आणि तळाशी जो रंगांचा अर्थ लिहिला होता, तोही रंगीत ठिपक्यांनीच सुरू होत होता. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत.

बाईंना मी दोन पर्याय दिले. एक, प्रत्येक गोलाखाली छोटा शब्द: ‘आहेत’, ‘थोड्या’, ‘भरली’. दोन, रंगाबरोबर आकारही वेगळा: गोल, त्रिकोण, फुली. त्यांनी आकार निवडले, कारण शब्द फोनवर फार बारीक दिसतात. मला स्वतःला शब्द जास्त पटतात, आकारांचा अर्थ शेवटी तळाशी जाऊनच बघावा लागतो. पण आता तळाशीही आकार छापलेत, त्यामुळे राखाडीत बघितलं तरी जुळवता येतं. ऑल्टमध्ये मात्र एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही. त्यात तिसऱ्या दुरुस्तीनंतर गोलही नव्हता आणि हिरवाही नव्हता.

रंगाचं नाव लिहायलाच हवं तेव्हा

हे सगळं वाचून कुणी ऑल्टमधून रंग सरसकट हद्दपार करेल, तेही चुकीचं. त्याच साइटवर एका पानावर बिल्ल्यासाठी रंग निवडायचा होता आणि चित्रात पाच रंगांची हृदयं होती. तिथे रंग ही खूण नाही, तीच माहिती आहे. ऑल्ट असाच हवा: ‘बिल्ल्याचे रंग डावीकडून: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा’. ‘डावीकडून’ हा शब्दही कामाचा, कारण खाली क्रमांकाने निवड करायची होती.

आणि अभिनंदनाच्या ओळीशेजारी नुसतीच शोभेला सात रंगांची सात हृदयं असतील तर `alt=""`. अवतरण चिन्हं हवीत, आत काही नको. असं लिहिलं की स्क्रीन रीडर ते चित्र ओलांडून पुढे जातो. `alt` शब्दच गाळला तर पुन्हा फाइलचं नाव ऐकायची पाळी येते.

तिन्हींत इमोजीच, तिन्हींत रंगच, आणि तीन वेगळे ऑल्ट. मी आता चित्र चढवण्याआधी बाईंना एकच विचारतो: हे चित्र फोनवरून कुणाला सांगायचं झालं तर तुम्ही काय म्हणाल? त्या कधीच ‘हिरवा, हिरवा, लाल’ म्हणत नाहीत. त्या म्हणतात, “सकाळी सोमवार-मंगळवार या, बुधवारी जागा नाही.” निम्मा ऑल्ट तिथेच लिहून होतो.

शिळा ऑल्ट पकडायची एक सोय

दर सोमवारी चित्र बदलायचं आणि ऑल्ट विसरायचा, हा धोका माझ्या बाबतीत जाणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून ऑल्टच्या सुरुवातीला आता आठवड्याच्या तारखा घालतो, चित्रातही त्या वर छापलेल्या असतातच: ‘शिल्लक जागा, ८ ते १३ तारीख. सकाळची बॅच: …’. ऑल्ट जुना राहिला तर ऐकणाऱ्याला पहिल्या दोन सेकंदांतच कळतं की पुढचं खरं धरायचं नाही. मजकूर चुकलेला असला तरी तो चुकलाय हे तरी लपत नाही.

गेल्या महिन्यात हे घडलंच. सोमवारी दुपारी त्या मुलीचा मेसेज आला: “दादा, चित्र बदललंय का? माझ्याकडे अजून आठ ते तेराच आहे.” बदललं होतं. ऑल्ट नव्हता. पाच मिनिटांत बदलला आणि पान पुन्हा उघडून `G` दाबून ऐकला.